छातीवर नाव आणि ८०-जीची पावती

आमचा रनिंग क्लब जळगावचा. सभासद मेहरूण तलावाकाठी पहाटे पळतात, आणि सचिव म्हणून पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. डिसेंबरात आम्ही ५ आणि १० किलोमीटरची धर्मादाय दौड घेतो, कारण मार्च उजाडला की खान्देशात सकाळी आठलाही रस्ता तापतो. शिल्लक पैसा थॅलेसेमियाच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टला जातो. या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. पिशवीतल्या पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावला तर ताप-थंडीचा त्रास कमी होतो. तो फिल्टर प्रत्येक वेळी नवा लागतो, आणि आमचे पैसे त्यालाच जातात.

व्यापाऱ्यांना प्रायोजकत्वासाठी पाठवायचं पत्र दिवाळी झाल्यावरच निघतं. दिवाळीआधी सराफ बाजारात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. पत्र एका पानाचं. वर जावक क्रमांक, खाली बँक खातं आणि पॅन. मधल्या मजकुरात मी गोल्ड-सिल्व्हर-प्लॅटिनम लिहीत नाही. तशी पत्रं दुकानदाराकडे वर्षभर येतात आणि गल्ल्याखाली जातात. मी वस्तू लिहितो.

उदाहरणार्थ पाणी. १० किलोमीटरला अडीचशे आणि ५ किलोमीटरला साडेतीनशे धावपटू. अडीच किलोमीटरवर पहिलं टेबल, पाचवर दुसरं. जाऊन त्याच रस्त्याने परत यायचं असल्याने मोठ्या दौडीतला माणूस पहिल्या टेबलावरून दोनदा जातो, दुसऱ्यावरून एकदा. छोट्या दौडीतला पहिल्या टेबलाला वळसा घालून मागे फिरतो. म्हणजे अकराशे वेळा कोणीतरी हात पुढे करणार. एक पेला पिण्याला, एक डोक्यावर ओतायला, असे बावीसशे पेले. पेल्यात दीडशे मिलीलीटर धरलं तर ३३० लिटर. शेवटच्या रेषेवर माणशी अर्धा लिटर, म्हणजे आणखी ३००. वीस लिटरचे बत्तीस जार लागतात, आम्ही चाळीस सांगतो. हे सगळं पत्रात येत नाही. पत्रात येतं ते एवढंच: ‘एक पाणी-टेबल, रुपये सहा हजार. यात मांडव, टेबलं, जार, कागदी पेले, पेले उचलणाऱ्या मुलांचा नाश्ता आणि आपल्या पेढीचा फलक.’ सहा हजारांचं काय होणार हे वाचणाऱ्याला दिसतं, आणि बऱ्याचदा होकार तिथेच मिळतो. रावेरकडचे एक व्यापारी पैसे देत नाहीत, केळी देतात. त्यांचं पत्र वेगळं, त्यात तारीख ठळक लिहावी लागते. रविवारी सकाळी खाण्याजोगी केळी हवी असतील तर माल चार-पाच दिवस आधी रायपनिंग चेंबरला लावावा लागतो.

मोठ्या कारखान्यांकडे हे पत्र चालत नाही. आमच्या समितीत दरवर्षी कोणीतरी म्हणतं, ‘त्यांच्याकडे सीएसआरचा पैसा पडून आहे.’ सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्यानुसार समाजकामावर करायचा खर्च. मॅरेथॉनसारखा एकदाचा कार्यक्रम त्यात धरता येत नाही, हे कंपनी मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे. कारखान्याने पैसे द्यायचे तर ते जाहिरातीच्या खर्चातून, आणि तो निर्णय दुसऱ्या टेबलावर होतो. हे न वाचता सीएसआर प्रमुखाला पत्र टाकून वाट पाहणाऱ्या संस्था मी पाहतो तेव्हा चिडचिड होते.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो तो. एका डाळ मिलच्या शेठजींकडे पत्र घेऊन गेलो होतो. पेढी जुनी, भागीदारीतली. शेठजींनी पत्र दोनदा वाचलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘सर, टेबल-बिबल राहू द्या. एक लाख देतो. टी-शर्टच्या छातीवर आमचं नाव, आणि पावती ट्रस्टची, ८०-जीवाली.’

आमच्या दौडीला एका पेढीने दिलेली ती सगळ्यात मोठी रक्कम ठरली असती. मी नाही म्हणालो.

देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेला पैसा. सहाशे छात्यांवर नाव छापून घेतलं की ती जाहिरातीची किंमत झाली. ८०-जीची पावती म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी पावती, तो नुसता कागद नसतो. ट्रस्टला वर्षाअखेरीनंतर प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन आणि रक्कम फॉर्म १०-बीडीमध्ये आयकर खात्याला कळवावी लागते, मग देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र मिळतं. आमच्या टी-शर्टासाठी त्या ट्रस्टने खोटं विवरण भरायचं, आणि चौकशी लागली तर नोंदणी धोक्यात घालायची. मुलांना फिल्टर देणारी संस्थाच अडकायची.

शेठजींना वाटलं मी त्यांचा कर वाचू देत नाही. म्हणून त्यांच्याच पॅडवर आकडे मांडले. अशा ट्रस्टला दिलेल्या देणगीवर बहुतेक वेळा निम्म्याच रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. तेच लाख जाहिरात खर्च म्हणून दाखवले तर पूर्ण रक्कम धंद्याच्या खर्चात जाते. म्हणजे छातीवर नाव हवं असेल तर सरळ मार्गच पेढीला जास्त परवडतो. फक्त प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटी आमच्यासारख्या संस्थेकडून घेताना भागीदारी पेढीने स्वतः भरायचा असतो. हे ऐकताच मुनीमजींनी चष्मा काढला. ‘डाळीवर क्रेडिट कितीसं बसणार, शेठ?’ भरलेला जीएसटी विक्रीवरच्या करातून वळता करून घ्यायचा, तर सुट्या डाळीवर करच नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न चोख होता. मी म्हणालो, हे तुमच्या सीएला विचारा, मी त्याचं उत्तर देणं बरोबर नाही.

शेठजी बराच वेळ पॅडकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘बाकीचे तर देऊन राह्यले ना अशा पावत्या.’

देतात, मला माहीत आहे.

शेवटी त्यांनी दोन पाणी-टेबलं घेतली, बारा हजार, क्लबच्या खात्यात. आणि पंचवीस हजारांचा चेक ट्रस्टच्या नावाने वेगळा, कुठेही नाव न लावता. त्याची ८०-जी पावती ट्रस्टने खुशाल दिली. लाखाचे सदतीस हजार झाले. आमचे खजिनदार समितीच्या बैठकीत माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, पावती द्यायची की नाही हे ट्रस्टला ठरवू द्यायचं होतं, तू कशाला मध्ये पडलास. हिशेबाची वही ज्याच्या हातात आहे त्याने असं म्हणावं याचं मला वाईट वाटलं. पण त्रेसष्ट हजारांत कितीतरी फिल्टर आले असते हे त्यांचं वाक्य मला खोडता आलं नाही, आजही येत नाही.

तेव्हापासून पत्रात दोन वेगळे परिच्छेद आहेत. पहिल्यात, फलक हवा असेल तर रक्कम क्लबच्या खात्यात, क्लबचं बिल मिळेल, ८०-जी मिळणार नाही. दुसऱ्यात, देणगी द्यायची असेल तर थेट ट्रस्टच्या खात्यात, पावती ट्रस्टची, नाव कुठेही नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही हेही लिहिलंय. समितीतल्या दोघांना हे रूक्ष वाटतं, व्यापारी बिचकतील म्हणतात. एका सराफाने मात्र पत्र वाचून सीएला फोन लावला आणि मी बसलेला असतानाच दोन्ही परिच्छेदांपुढे वेगवेगळी रक्कम लिहिली.

डाळ मिलचं यंदाचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. छातीची जागा रिकामी आहे आणि तिची रक्कम त्यात स्वच्छ लिहिली आहे. खजिनदारांना म्हटलंय, या वेळी तुम्हीही सोबत चला.