चौकोन चार हेडचा की पाच हेडचा

स्प्रिंकलरचं कॅल्क्युलेशन तपासायला आलं की मी एकूण प्रेशर शेवटी बघतो, आधी ड्रॉइंगवरचा ढगासारखा आखलेला रिमोट एरिया, म्हणजे पाणी पोचायला सगळ्यात अवघड असलेला भाग बघतो, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. चाकणजवळच्या एका मशीन शॉपची ही केस अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

शेड साधी. परदेशी इन्शुरन्सवाल्यांना एनएफपीए १३ हे अमेरिकन स्प्रिंकलर स्टँडर्ड हवं होतं, त्यात मशीन शॉप म्हणजे ऑर्डिनरी हॅझर्ड ग्रुप २, डेन्सिटी ८.१ मिमी प्रति मिनिट, डिझाइन एरिया १३९ चौ. मी. याचा अर्थ एवढाच की आग लागली तर साधारण एवढ्या जागेतली हेड फुटतील असं धरायचं, आणि तिथे प्रत्येक चौरस मीटरला मिनिटाला ८.१ लिटर पाणी पडलंच पाहिजे. हेड ब्रँचवर, म्हणजे मेनमधून फुटणाऱ्या पाइपवर, दर ३ मीटरवर, दोन ब्रँचमध्ये ४ मीटर, म्हणजे एका हेडला १२ चौ. मी. मग १२ हेड चालू धरायची, आणि सगळ्यात लांबच्या हेडला किमान ९७ लिटर मिळायला हवेत. के-८० चं हेड असेल तर Q = K√P, म्हणजे फ्लो बरोबर ८० गुणिले प्रेशरचं वर्गमूळ, यावरून त्याला जवळपास १.४८ बार लागतो. इथपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचं सगळं बरोबर होतं.

पण त्याने १२ हेड कशी निवडली तर तीन ब्रँचवर चार-चार. दिसायला छान चौकोन. नियम मात्र सांगतो की चौकोनाची ब्रँचला समांतर बाजू किमान १.२ गुणिले एरियाचं वर्गमूळ, म्हणजे १४.१५ मीटर. ३ मीटरने भागलं की ४.७, आणि वर राउंड करायचं, ५. म्हणजे पाच, पाच आणि तिसऱ्या ब्रँचवर दोन. एका हेडने काय होतंय, असं त्यांचा डिझाइनवाला पोरगा म्हणाला. अरे, तेच तर सगळं आहे!

ब्रँचच्या टोकापासून आत यायला लागलं की प्रत्येक पुढच्या हेडवर प्रेशर जास्त असतं, त्यामुळे ते जास्त पाणी सोडतं. चार हेडपर्यंत ब्रँचमधून ४३६ लिटर जातात, पाचवं धरलं की ५७१. पाणी वाढलं तीस-एकतीस टक्के, पण घर्षण फ्लोच्या १.८५ घाताने वाढतं, म्हणजे पासष्ट टक्के. पाचव्या हेडपासून मेनपर्यंत फिटिंग धरून १० मीटर ४० एमएमचा पाइप होता. त्यात चार हेडला ०.८३ बार जातो, पाचला १.३७. अर्धा बार गायब, आणि शीटवर सगळं हिरवं!

दुसरी गोष्ट जास्त राग आणणारी. त्याने एकूण फ्लो म्हणून ८.१ गुणिले १३९, म्हणजे ११२६ लिटर लिहिले होते, जणू प्रत्येक हेड नियमात सांगितलं तेवढंच पाणी सोडून गप्प बसणार आहे. तिसऱ्या ब्रँचवरची मेनजवळची दोन हेड ४ बारच्या आसपास प्रत्येकी १६० लिटर ओढतात. मी बेरीज केली तर एकूण १४५० च्या पुढे गेली, आग विझवणाऱ्यांच्या होजचं पाणी वेगळंच. "सर, सॉफ्टवेअरमधून नाही केलं, आमची एक्सेल आहे, सगळीकडे तीच पास होते," म्हणाला. पास होते यातच सगळं आलं, मंजुरी देणारा बहुतेक वेळा फक्त हेडची संख्या आणि टाकीची साइज बघतो.

आता पंप आधीच ऑर्डर झालेला. क्लायंटचा पर्चेसवाला माझ्यावरच चिडला, की हे आधी का नाही सांगितलं. मला शीट ऑर्डरनंतर मिळाली, पण ते ऐकायचं कोणाला. मोठा पंप घ्या म्हणणं सोपं होतं. मी उलट ते १० मीटर ५० एमएम करून बघितले आणि तिथला लॉस १.३७ वरून ०.४३ वर आला. म्हणजे मेनला लागणारं प्रेशर आधी ३.७ दाखवलं होतं, पाच हेड धरून ४.२४ झालं, आणि पाइप एक साइज वाढवल्यावर ३.३. पंपाच्या प्रेशरला हात नाही लावला. त्यात मेनजवळच्या हेडचं फुकटचं ओढणंही थोडं कमी झालं. ब्रँचच्या टोकाला मात्र दोन हेडचं पाणी नेणारा २५ एमएमचा ३ मीटरचा तुकडा एकटाच ०.४७ बार खातो, तो ३२ करा म्हणालो तर कोणी ऐकलं नाही, आहे त्यानेच पास होतंय ना मग कशाला.

वाढलेला फ्लो पंपाच्या कर्व्हवर बसतो का ते बघायचं होतं. होजचे ९५० धरून बसला, पण पाण्याचा साठा मात्र पुन्हा काढायला लागला. पोराने नवीन शीट पाठवली, पाच-पाच-दोन. मी विचारलं की आधीच्या साइट्सचं काय, त्याच एक्सेलवरच्या. तो म्हणाला त्या हँडओव्हर झाल्यात सर.