टेस्टफ्लाइटवरचं ॲप एक्स्पायर झालं आणि सोसायटीचा हिशेब आत अडकला : माझा अनुभव

आयफोनवर बीटा ॲप, म्हणजे स्टोअरवर यायच्या आधीचं चाचणीचं ॲप, कसं टाकायचं हे विचारणारे खूप जण भेटतात, ते अजिबात अवघड नाहीये. ॲप स्टोअरवरून टेस्टफ्लाइट नावाचं ॲपलचं फुकटचं ॲप घ्यायचं, डेव्हलपरने दिलेली लिंक उघडायची (ती testflight.apple.com/join/ अशी सुरू होते, पुढे काही अक्षरं असतात), Accept दाबायचं, Install दाबायचं, झालं. होम स्क्रीनवर ॲपच्या नावाशेजारी एक छोटा नारिंगी ठिपका दिसतो, तो दिसला की समजायचं हे बीटा आहे. मला खरं लिहायचंय ते पुढचं, म्हणजे काही आठवड्यांनी हे ॲप उघडायचंच बंद होतं तेव्हा काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, पाण्याच्या टँकरचा खर्च हे सगळं मी एका छोट्या हिशेबाच्या ॲपमध्ये ठेवतो. स्टोअरवर जे व्हर्जन आहे त्यात पावती फक्त इंग्रजीत निघते, मराठी पावती फक्त बीटामध्ये होती, म्हणून बीटा. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, एकटा माणूस बनवतो ते ॲप, उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

सुरुवातीला मजेत चाललं होतं. दर पंधरा-वीस दिवसांनी नवीन बिल्ड, म्हणजे ॲपची नवी प्रत यायची. टेस्टफ्लाइट उघडून ॲपवर टॅप केलं की व्हर्जनपाशी दिवस लिहिलेले दिसतात, Expires in 74 days असं काहीतरी. नवीन बिल्ड घेतलं की तो आकडा परत नव्वदच्या जवळ जातो. बहुतेक लोकांना वाटतं की आपण ॲप टाकल्यापासून ९० दिवस मिळतात, तसं नाहीये. डेव्हलपरने ते बिल्ड ॲपलकडे अपलोड केलं त्या दिवसापासून ९० दिवस. म्हणजे समजा बिल्ड ३ मार्चला अपलोड झालंय आणि तुम्ही २० मेला लिंकवरून जॉइन झालात, तर तुमच्या हातात फक्त १२ दिवस उरलेत, कारण १ जूनला ते सगळ्यांसाठी एकदमच संपणार. तेव्हा जॉइन होताना तो आकडा बघा आणि मगच त्यात स्वतःचा डेटा भरायला बसा.

आमच्या बिल्डच्या तारखा नेमक्या ह्याच होत्या, ३ मार्चला अपलोड आणि १ जूनला शेवट, फक्त मी आधीपासूनच जॉइन होतो. ३ मार्चच्या बिल्डनंतर गृहस्थ गायब. आकडा रोज एकेक खाली. मी Send Beta Feedback मधून लिहिलं, नंतर परत लिहिलं, उत्तर नाही. आता कोणी म्हणेल की मग डेटा बाहेर काढून ठेवायचा ना, तर एक्स्पोर्टचं बटण दाबलं की ॲप बंद पडायचं, सभासदांची नावं देवनागरीत असली की हमखास, आणि हीच तक्रार मी स्क्रीनशॉटसकट पाठवत होतो.

१ जूनला पावती करायला ॲपवर टॅप केलं तर चौकट आली की बीटाची मुदत संपली. आत जाताच येईना. ॲप फोनवर आहे, डेटा फोनवर आहे, मधे फक्त दार बंद. आणि तिकडे ऑडिटरचा माणूस लेजर मागतोय, सेक्रेटरी काका रोज संध्याकाळी गेटपाशी गाठून "काय हो, झालं का ते?"

ह्या टप्प्यावर प्रत्येक जण एकच सल्ला देतो, माझ्या पुतण्यानेही दिला, "काका, डिलीट मारा आणि परत टाका." हे करू नका. बीटा एक्स्पायर झालं म्हणून त्यातला डेटा पुसला जात नाही, तो ॲपच्या स्वतःच्या कप्प्यात तसाच पडून असतो, पण तुम्ही ॲप डिलीट केलं की तो कप्पाही त्याच्याबरोबर जातो. आणि परत टाकायला जाल तर टेस्टफ्लाइटमध्ये त्या बिल्डपुढे Install येतच नाही, कारण ते संपलंय. म्हणजे तेलही गेलं तूपही गेलं. Previous Builds मध्ये जाऊन जुनं बिल्ड घेऊ असंही मनात येतं, पण जुनं बिल्ड आधी अपलोड झालेलं, त्यामुळे ते आधीच संपलेलं असतं.

मग मी बसून नीट समजून घेतलं की हे बंद कोण करतंय. आधी डेव्हलपरवरच संशय होता की मुद्दाम कुलूप लावलंय, पण नाही, ॲपच्या कोडमध्ये असं काही लिहिलेलं नसतं, मुदत बिल्डला ॲपलच्या बाजूने लागते आणि आयओएस ते ॲप सुरूच होऊ देत नाही. डेव्हलपरला त्याच बिल्डची मुदत वाढवून द्यायची सोय नाहीये, हवं तर तो ९० दिवसांच्या आधी बंद मात्र करू शकतो. वाढवायचं तर नवीन बिल्ड अपलोड करायचं, हाच एक रस्ता. पूर्वी ६० दिवसच मिळायचे, २०१७ पासून ९० झाले.

कारण विचाराल तर मला पटलेलं असं की बीटाची तपासणी स्टोअरच्या ॲपइतकी कडक नसते, आणि एका ॲपला बाहेरचे १०,००० टेस्टर घेता येतात. मुदत नसती तर लोकांनी स्टोअरला बगल देऊन कायमचं टेस्टफ्लाइटवरच दुकान मांडलं असतं. शिवाय अर्धवट बिल्ड वर्षानुवर्षं लोकांच्या फोनवर राहिलं तर दोन वर्षांपूर्वी दुरुस्त झालेल्या बगची तक्रार आजही येत राहणार, त्यात डेव्हलपरचाही जीव जाणार. ठीक आहे, पटतं. पण ऑडिटरला हे सांगून बघा.

आता मी काय काय केलं ते सांगतो. सगळ्यात आधी फोन लॅपटॉपला लावून पूर्ण बॅकअप घेतला, पासवर्ड टाकून, म्हणजे पुढे हात घालताना काही बिघडलं तर निदान आजची स्थिती कुठेतरी राहील. मग Files ॲपमध्ये On My iPhone उघडलं. काही ॲप स्वतःचं फोल्डर तिथे दाखवतात आणि ते फोल्डर ॲप एक्स्पायर झालं तरी उघडतं, हे फारसं कोणाला माहीत नसतं. माझ्या ॲपचं फोल्डर होतं! आत आधी काढलेल्या पावत्यांच्या पीडीएफ सापडल्या, सगळ्या लगेच ड्राइव्हवर टाकल्या. पण लेजर नव्हतं, ते ॲपच्या आतल्या डेटाबेसमध्ये, तो फोल्डरमध्ये दिसत नाही. तुमचं ॲप फाइल्स तिथेच ठेवत असेल तर तुमचं काम इथेच संपेल.

दुसरा पर्याय म्हणजे डिलीट न करता स्टोअरवरचं व्हर्जन वरूनच टाकायचं. दोन्हींची ओळख आयफोनच्या दृष्टीने एकच असते, त्यामुळे स्टोअरवालं ॲप बीटाच्या जागी बसतं, नारिंगी ठिपका जातो आणि डेटा सहसा राहतो. स्टोअरवालं व्हर्जन बीटाच्या बरोबरीचं किंवा पुढचं असेल तर बिनधास्त हेच करा. माझी गोची अशी की स्टोअरवर 2.1 होतं आणि माझ्याकडे बीटा 2.3. नवीन व्हर्जन पहिल्यांदा उघडतं तेव्हा डेटाबेसची मांडणी नव्या पद्धतीची करून घेतं, माझ्याकडे मराठी नावांसाठी वेगळे रकाने वाढले होते. जुन्या व्हर्जनला ती मांडणी वाचता येईलच असं नाही, उघडताक्षणी बंद पडेल किंवा वाईट म्हणजे कोरी वही काढून बसेल. सबंध वर्षाच्या हिशेबावर मी तो जुगार खेळणार नव्हतो. म्हणून थांबलो, आणि हे थांबणं फार डोक्यात जाणारं होतं.

त्यात एकदा चिडून Stop Testing दाबायला निघालो होतो. ते दाबलं की आपण टेस्टरच्या यादीतून बाहेर, आणि दरम्यान त्या पब्लिक लिंकवर बीटा भरला असल्याचा मेसेज यायला लागला होता (लिंकवर किती लोक घ्यायचे ती मर्यादा डेव्हलपर ठरवतो), म्हणजे माझी जागा परत मिळाली नसती. नवीन बिल्ड आलं असतं तरी मला नसतं मिळालं.

शेवटी काम कशाने झालं तर स्टोअरच्या पानावर App Support ची लिंक असते, तिथे त्याचा वेगळा ईमेल सापडला. टेस्टफ्लाइटचा फीडबॅक त्याच्या डेव्हलपर खात्यात जाऊन पडतो, तो तिकडे फिरकलाच नाही तर तुम्ही भिंतीशी बोलताय. ईमेलमध्ये राग काढला नाही, चारच ओळी लिहिल्या: बीटा 2.3 (41) एक्स्पायर झालंय, त्यात सोसायटीचा वर्षाचा हिशेब आहे, एक्स्पोर्ट चालत नाही, कोडमध्ये काही बदल नको, तेच बिल्ड नवीन नंबरने परत चढवाल का. कंसातला आकडा म्हणजे बिल्ड नंबर, तो जरूर लिहा, त्यावरून समोरच्याला लगेच कळतं की तुम्ही नेमकं काय वापरताय.

त्याच रात्री उत्तर आलं. त्याची नोकरी बदलली होती, बीटा संपल्याचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेस्टफ्लाइटमध्ये 2.3 (42) दिसलं आणि बटण Update झालं. व्हर्जन तेच आणि फक्त बिल्ड नंबर नवा असला की ॲपलची बीटा तपासणी सहसा पुन्हा पूर्ण होत नाही, म्हणून इतकं पटकन. अपडेट दाबून ॲप उघडलं, तर सगळं जागच्या जागी. त्याने जाता जाता एक्स्पोर्टही दुरुस्त केलं होतं, सीएसव्ही काढली, ऑडिटरला पाठवली, सेक्रेटरी काकांना पण पाठवली, त्यांनी उघडून पाहिली नसणार हा भाग वेगळा.

आता मी महिन्याच्या पाच तारखेला सीएसव्ही काढतो आणि आकडा वीस दिवसांखाली गेला की थेट ईमेल करतो. टेस्टफ्लाइटमध्ये त्या ॲपच्या पानावर Automatic Updates असतं तेही चालू ठेवा, नाहीतर नवीन बिल्ड येऊन पडलेलं असतं आणि तुमच्या फोनवर जुनंच संपतं.

एक राहिलंच. बीटामध्ये ॲपच्या आतली खरेदी फुकट असते, प्रो व्हर्जन घेतलं तरी पैसे कापले जात नाहीत, पण ते स्टोअरच्या व्हर्जनमध्ये बरोबर येत नाही. तेव्हा पुढे कधी स्टोअरवाल्यावर गेलात आणि प्रो बंद दिसलं तर डेव्हलपरशी भांडू नका, ते पैसे आपण कधी दिलेलेच नसतात.