पेटीला मिडी जोडताना: टप्पा तिसरा, भाता

मागच्या टप्प्यापर्यंत ३७ पट्ट्यांखाली छोटी चुंबकं आणि हॉल सेन्सर बसवून झाले होते. पट्टी दाबली की आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या आकडी भाषेच्या, वायरवर संदेश टाकतो आणि कॉम्प्युटरमधली सॅम्पल केलेली पेटी वाजते, इतपत काम नीट चाललं होतं. मी खुशीत होते. मग आमचे पेटीचे गुरुजी घरी आले. त्यांनी सवयीने काळी एक दाबली, भात्याला हात लावायच्या आधीच स्पीकरमधून सूर आला, आणि त्यांनी बोट झटकन उचललं. "अगं, हवा न भरता वाजली ही!"

त्यांचं बरोबर होतं. माझ्या मिडीत बोटं होती, श्वास नव्हता. हा सगळा टप्पा तो श्वास वायरीवर कसा चढवला त्याचा आहे.

आधी वायरीवर नक्की काय जातं ते जवळून बघू, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच समजतात. मधल्या सप्तकातली काळी एक दाबून सोडली तर मॉनिटरवर एवढंच दिसतं:

```
90 3D 40
80 3D 40
```

पहिल्या ओळीत तीन बाइट आहेत, सोळाच्या पायावरच्या आकड्यांत लिहिलेले. `90` म्हणजे पहिल्या चॅनेलवर नोट-ऑन, `3D` म्हणजे ६१ नंबरची पट्टी आणि `40` म्हणजे ६४ ही व्हेलॉसिटी. दुसरी ओळ ती पट्टी सुटल्याची. काळी एकचा सूर किती कंपनांचा, त्याचा पोत कसा, तो किती वेळ घुमला, यातलं काही इथे नाही. ६१ म्हणजे कोणता सूर हे ऐकणारं यंत्र ठरवतं. त्या यंत्राचं ट्यूनिंग थोडं उतरवलं तर हेच तीन बाइट उतरलेला सूर देतील, आणि आवाज बदलून सतार लावली तर सतार वाजेल. पहिल्या बाइटचा वरचा बिट १ असतो आणि पुढच्या दोघांचा ०. वाचणाऱ्याला संदेश कुठे सुरू झाला ते यावरून कळतं, आणि म्हणूनच आकडे ० ते १२७ एवढेच मिळतात.

आता व्हेलॉसिटी. पियानोसारख्या कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला यावरून पट्टी किती वेगाने खाली गेली ते काढतात, आणि तो आकडा नोट-ऑनसोबत एकदाच जातो. पियानोत तेवढं पुरतं. हातोडी तारेवर आदळली की पुढे बोटाच्या हाती फारसं काही उरत नाही. पेटीचं तसं नाही. पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, झडप उघडते एवढंच, आणि सूर मोठा-लहान होतो तो डाव्या हाताने, पट्टी दाबून झाल्यावर. त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक पट्टीखाली एकच सेन्सर आहे याचं मला जराही वाईट वाटत नाही. वेग मोजता न येणाऱ्या कीबोर्डने ६४ पाठवावं असं मिडीचा नियमच सांगतो, म्हणून मी कायम ६४ पाठवते.

भात्यासाठी लागतो तो तिसरा प्रकार, कंट्रोल चेंज. त्याचा पहिला बाइट `B0`, दुसरा कंट्रोलरचा नंबर आणि तिसरा त्याची किंमत. सूर चालू असताना हा हवा तितक्या वेळा पाठवता येतो. मी नंबर ११ निवडला, एक्स्प्रेशन. ७ हा व्हॉल्यूमचा आहे आणि पहिल्यांदा मीही तोच लावला होता. पण ७ मिक्सिंगसाठी मोकळा असलेला बरा: पेटी तबल्यापेक्षा किती खाली ठेवायची ते ७ वर ठरतं, आणि त्या मर्यादेच्या आतले चढउतार ११ वर होतात.

हवेचा दाब मोजायला MPXV7002DP हा सेन्सर घेतला. याला दोन तोंडं असतात. एक मोकळं ठेवलं आणि दुसऱ्याला पातळ नळी जोडून ती पेटीच्या हवेच्या कप्प्यात सोडली. नळीभोवतीची फट मेणाने बुजवली, नाहीतर हवा फुसफुसत बाहेर येते. दाब नसताना सेन्सर अडीच व्होल्ट देतो आणि दर किलोपास्कलला एक व्होल्ट चढतो. आर्डुइनोच्या वाचनात माझी पेटी शांत असताना ५१२ च्या आसपास आणि भाता जोरात मारल्यावर ६७० पर्यंत जाते. म्हणजे दाब पाऊण किलोपास्कलपेक्षा थोडा जास्त. हे १५८ आकडे ० ते १२७ मध्ये बसवले, आणि पहिल्यांदा भात्याबरोबर सूर फुलला तेव्हा मी तासभर नुसती एकच पट्टी धरून बसले.

तान घ्यायला गेले आणि सगळं बिघडलं. बोट आधी जात होतं, सूर मागून येत होता. विलंबित लयीत कळत नव्हतं, द्रुतमध्ये पट्ट्या चिखलात रुतल्यासारख्या वाटत होत्या. आधी संशय कॉम्प्युटरच्या ऑडिओ बफरवर गेला, तो कमी केला, काही फरक नाही. मग कोडमधून सेन्सरची ओळ काढली आणि विलंब गायब झाला. ती परत घालून मॉनिटर बघितला तर भाता स्थिर असतानाही धबधबा चालू होता:

```
B0 0B 4A
B0 0B 4B
B0 0B 4A
```

सेन्सर एक-दोन आकडे थरथरतोच आणि माझं कोड प्रत्येक फेरीला किंमत पाठवत होतं. मिडीची वायर १९८३ मध्ये ठरलेल्या वेगाने चालते, सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. सेकंदाला ३,१२५ बाइट झाले की वायर भरली. आर्डुइनो उरलेले बाइट ६४ बाइटच्या रांगेत उभे करतो, आणि माझी रांग सतत भरलेली होती. नोट-ऑन आला की त्याच्या पुढे भात्याचे ६४ बाइट उभे. ६४ गुणिले ०.३२ म्हणजे वीस मिलिसेकंदांच्या वर. मिडीत रांग मोडून पुढे जायची सोय नोटला नाही.

उपाय साधा निघाला. किंमत दर दहा मिलिसेकंदांनी एकदाच बघायची आणि आधीच्या पाठवलेल्या किमतीपेक्षा निदान दोनने बदलली असेल तरच पाठवायची. अगदी सतत बदलली तरी सेकंदाला शंभर संदेश, म्हणजे ३०० बाइट, वायरीचा दहावा हिस्सासुद्धा नाही. यात एक खाच आहे. भाता सोडल्यावर किंमत १ वर येऊन थांबली तर ० हा फक्त एकने दूर असल्याने कधी जातच नाही, आणि खोलीत बारीकसा सूर रेंगाळत राहतो. म्हणून ० ला दोनची अट लावायची नाही.

दुसरी चूक स्केल चेंजरची. लाकडी पेटीत चेंजर म्हणजे सगळा पट्ट्यांचा सांगाडा सरकवणं. मिडीत नंबरात बेरीज केली की झालं, म्हणून मी एक बटण लावलं, दाबलं की `shift` एकने वाढतो. एकदा सा धरून ठेवलेला असताना ते दोनदा दाबलं गेलं. पट्टी सोडली तरी सा थांबेना. भाता मारला की मोठा होई, सोडला की विझे, परत मारला की परत हजर. पट्टी दाबताना ६१ चा नोट-ऑन गेला होता आणि सोडताना कोडने नव्याने बेरीज करून ६३ चा नोट-ऑफ पाठवला होता. पलीकडच्या यंत्राला पट्टी दिसत नाही, फक्त नंबर दिसतात. ६३ वाजतच नव्हता, म्हणून त्याने तो संदेश सोडून दिला आणि ६१ ची वाट बघत राहिलं. आता दाबताना गेलेला नंबर पट्टीगणिक जपून ठेवते:

```
void dabli(byte i) {
  gelela[i] = 48 + i + shift;
  noteOn(gelela[i], 64);
}
void sutli(byte i) {
  noteOff(gelela[i], 64);
}
```

वाजत असताना मधेच वायर निघाली तरी हेच होतं: नोट-ऑफ पोचत नाही आणि सूर अडकतो. त्यासाठी कंट्रोलर १२३, म्हणजे सगळे सूर बंद, पाठवणारं एक लाल बटण वेगळं लावलं आहे.

रेकॉर्डिंग करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. भूपचा एक तुकडा रेकॉर्ड केला, शेवटी भाता सोडला, आणि परत ऐकायला मधून सुरू केला तर शुकशुकाट. नोट-ऑन जाताना दिसत होते, आवाज नव्हता. कंट्रोलरची शेवटची किंमत यंत्र लक्षात ठेवतं. आधीच्या वेळी शेवटी ० गेला होता, आणि मी जिथून सुरू केलं तिथे भाता स्थिर असल्याने ११ चा नवा संदेशच नव्हता. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मागची किंमत शोधून आधी पाठवायची सोय होती, ती चालू केली.

परवा गुरुजी परत आले. हवा न भरता काळी एक दाबली, मॉनिटरवर `90 3D 40` उमटलं, स्पीकर गप्प. मग त्यांनी पट्टी तशीच धरून हळूच भाता ओढला आणि सूर वर आला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "येतो, पण उठत नाही." त्यांच्या कानाने पकडलं ते असं: खऱ्या पेटीत हवा पोचते तेव्हा रीड पहिल्यांदा बोलायला लागते आणि तो उठाव ऐकू येतो. इथे नोट-ऑन आधीच गेलेला असतो, सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा ० एक्स्प्रेशनमध्ये मुका वाजून संपतो आणि भाता ओढेपर्यंत नुसता मधला लांबलचक भाग उरतो.

म्हणून सध्या वेगळं करून बघते आहे. दाब शून्य असताना पट्टी दाबली तर ती फक्त नोंदवून ठेवायची आणि दाब ठराविक पातळी ओलांडेल त्या क्षणी नोट-ऑन पाठवायचा. पातळी ५२० ठेवली तर उठाव येतो, पण भाता परतवताना हवा क्षणभर खाली येते तेव्हा तोच सूर दुसऱ्यांदा सुरू होतो. आज चालू व्हायची पातळी ५२० आणि बंद व्हायची ५१५ अशा दोन वेगळ्या ठेवल्या आहेत. रविवारी गुरुजींचा हात त्यावर फिरेल.