रात्रपाळीची लाईन आणि माझी हौस

आमच्याकडे, आर्वीच्या बाजूला, शेताची थ्री फेज लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीचा आठवडा आला की हरभऱ्याच्या ओलितासाठी मी मोटरीजवळ घोंगडी पांघरून बसतो. स्प्रिंकलरचे पाइप तीन-चार तासांनी बदलायचे असतात. मधल्या वेळात एक तर रानडुकरांवर कान ठेवायचा, नाही तर मोबाइल पाहायचा. डुकरं काही रोज येत नाहीत.

दिवसा मी तालुक्याच्या कृषी केंद्रात काउंटरवर असतो. पगार चौदा हजार. त्यातले सहा हजार घरी, अठराशे पेट्रोलला, 349 चा रिचार्ज. उरलेले 5,851 रुपये मागच्या नोव्हेंबरात वीस तारखेलाच संपले, तेव्हा एका मित्राने बजेटचं ॲप टाकून दिलं. बँकेचे मेसेज वाचून ते आपोआप खर्च मांडतं म्हणे.

मांडलं खरं, पण त्यातला मोठा भाग 'रोख काढली' या एकाच ओळीत. म्हणजे एटीएममधून पैसे निघाले एवढंच त्याला ठाऊक, पुढे गेले कुठे ते नाही. युपीआय लाइटचंही तसंच. पाचशे भरले की ॲपला पाचशेची एकच नोंद दिसते. त्यातून दिलेले चहाचे, तर्री-पोह्यांचे आणि (माय हे वाचत नाही म्हणून सांगतो) खर्र्याचे पैसे बँकेच्या मेसेजात वेगवेगळे येतच नाहीत. ॲप आपोआप करतं या भरवशावर बसलो असतो तर माझा हिशोब जन्मभर चुकला असता.

मग एका रविवारी ऑर्डरचे जुने मेसेज काढून हाताने मांडलं. डोक्याला लावायची टॉर्च 299, घड्याळ 1,299, जोडा 899, नेकबँड 649, ट्रिमर 549, मोबाइल स्टँड 199, छोटा ट्रायपॉड 336. एकूण 4,230. घरात टॉर्च आधीच दोन. ट्रायपॉड कशासाठी घेतला ते आजही सांगता येणार नाही. पण खरी गंमत वेळेत होती. सातपैकी पाच ऑर्डरी रात्री साडेदहा ते एकच्या मधल्या. म्हणजे मी खर्चिक नव्हतो, लाईनची वाट पाहत होतो!

आणि त्या पाचही कॅश ऑन डिलिव्हरी. रात्री खिशातून एक रुपया जात नाही, त्यामुळे काही घेतल्यासारखंच वाटत नाही. पाच दिवसांनी पार्सलवाला फोन करतो, गावात येत नाही, फाट्यावरच्या टपरीवर बोलावतो. तेव्हा परत कसं करायचं? तो बिचारा उन्हातून आलेला. शिवाय टपरीवर चार लोक पाहत असतात. माय म्हणायची, "आता काय मांगवलं रे बापा? ठेवाले जागा तरी हाय का घरात?"

पहिल्या महिन्यात मी ॲपमध्ये 'हौस' नावाचा कप्पा केला आणि तिथे शून्य टाकलं. नऊ तारखेलाच मोडलं. एकदा मोडल्यावर माणूस कसा सुटतो ते खर्रा सोडणाऱ्यांना विचारा. दुसऱ्या महिन्यात 800 ठेवले आणि दोन गोष्टी बदलल्या. एक, कॅश ऑन डिलिव्हरी असली तरी नोंद ऑर्डर करतानाच करायची, पार्सल आल्यावर नाही. दोन, कप्पा संपला तर दुसऱ्या कप्प्यातून हाताने पैसे उचलायचे. 649 च्या नेकबँडसाठी पेट्रोलमधून पैसे उचलताना दिसतं की आता नऊ-दहा दिवस दुकानात एसटीने जायचं. तिथे बोट अडतं.

आणखी एक गोष्ट केली, ती ॲपच्या बाहेरची. रात्री आवडलेली वस्तू विकत घ्यायची नाही, मोबाइलच्या नोट्समध्ये नाव, किंमत, तारीख लिहायची आणि रात्रपाळीचा आठवडा संपल्यावर, दिवसा, दुकानात बसून वाचायची. जानेवारीत अकरा वस्तू लिहिल्या. पुढच्या आठवड्यात वाचल्या तर त्यातल्या तीन नेमक्या काय होत्या तेच आठवेना. घेतल्या दोन: गमबूट आणि मोटरीच्या स्टार्टरवर टाकायचं झाकण. गमबूट कप्प्यात बसले, झाकणाला मायने पैसे दिले, कारण ते हौशीत मोडत नाही असं तिचं मत.

नियम रोज पाळला जातो असं नाही. फेब्रुवारीत एका रात्री लाईन दोन वाजेपर्यंत आलीच नाही आणि मी एक ब्लूटूथ स्पीकर मागवून बसलो. सकाळी उठून रद्द केला. सामान निघायच्या आधी रद्द करता येतं, हे एवढ्या ऑर्डरींनंतर पहिल्यांदा कळलं.

परवा फाट्यावर पार्सलवाला भेटला. गाडी थांबवून म्हणाला, "काहून भाऊ, नाराज हाय का आमच्यावर? महिना झाला, तुमचं नावच नाही पोत्यात." मी त्याला टपरीवर चहा पाजला. दोघांचे वीस रुपये दिले आणि मोबाइल काढला. तो वाकून पाहायला लागला. त्याला वाटलं, काहीतरी मागवतोय.