आमची वाटचाल : उधारीच्या वह्या संगणकावर नेताना

वाळवा तालुक्यातलं आमचं किराणा-भुसारीचं दुकान वडिलांनी सुरू केलं, आणि ते पहिल्यापासून उधारीवरच चाललं. आमच्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं, उसाचं बिल हंगामावर. तोपर्यंत तेल, डाळ, साखर वहीत मांडूनच जाते. दर दिवाळी पाडव्याला नवी वही पूजेला लागायची आणि जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढली जायची. दुकान माझ्याकडं आलं तेव्हा जुन्या वह्यांची शिवण सुटत होती, पानांच्या कडा तेलानं काळ्या पडल्या होत्या. संगणकावर खाती घ्यायचं ठरलं, पण नुसती आजची बाकी टाकून भागणार नव्हतं. गिऱ्हाईक "ही बाकी कशाची?" असं विचारतं, तेव्हा त्याला एकेक ओळ दाखवता आली पाहिजे.

पानांचे फोटो मी स्वतः काढले. वही खिडकीशी सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल बरोबर वर धरून. पानाच्या माथ्यावर गिऱ्हाइकाचं नाव असतं. त्यावर कागदाची पट्टी ठेवली आणि पट्टीवर फक्त खाते क्रमांक लिहिला. कोणाचं किती देणं आहे हे गावाबाहेरच्या माणसाला कळायचं कारण नाही. नावांची यादी माझ्याकडंच राहिली. मग पुण्यात घरून अशी पानं संगणकावर उतरवून देणाऱ्या एका ताईंना मेल लिहिली. तीच खाली देतो, कारण असं काम काढणारे बरेच दुकानदार मला तिच्याबद्दल विचारतात.

"नमस्कार ताई,

फोटो पाठवत आहे. प्रत्येक फोटोचं नाव K03_P047.jpg असं आहे, म्हणजे तिसरी वही, सत्तेचाळीसावं पान. मोबाइलवरून थेट पाठवले की फोटोतलं बारीक अक्षर फुटतं, म्हणून सगळे ड्राइव्हवर ठेवले आहेत.

एक्सेलची एकच शीट हवी. वहीतली एक ओळ म्हणजे शीटमधली एक ओळ. रकाने डावीकडून असे : फोटो, खाते, दिनांक, तपशील, हस्ते, नावे, जमा, वहीतील बाकी, हिशोबाची बाकी, फरक, शेरा. वहीत 'ह.' लिहिलं असेल तिथं माल कोण घेऊन गेलं ते नातं किंवा नाव आहे. ते हस्तेच्या रकान्यात घ्या.

वहीत जे आहे तेच उतरवा. बेरीज चुकलेली दिसली तरी दुरुस्त करू नका. खोडलेली ओळ वगळू नका, रक्कम रिकामी ठेवून शेऱ्यात 'खोडलेले' लिहा. अक्षर लागलं नाही तर अंदाज न करता [?] टाका, मी वही उघडून सांगेन.

रकमा इंग्रजी आकड्यांत, स्वल्पविराम न देता लिहा. देवनागरी आकडे आमच्या एक्सेलला मजकूर वाटतात आणि बेरजेत येत नाहीत. वडील रकमेपुढं /- अशी रेघ ओढायचे. ती एक म्हणून वाचली तर २५० चे २५०१ होतात.

आकड्यांत दोन हात आहेत. वडिलांचे आकडे देवनागरी, दुकानातल्या मुलाचे इंग्रजी, आणि एकाच पानावर दोन्ही सापडतील. वडिलांचा ४ इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ इंग्रजी नवासारखा. ओळ कोणाच्या हातची आहे हे आधी तपशिलाच्या अक्षरावरून ठरवा, मग रक्कम वाचा.

वर्ष फक्त वहीच्या पहिल्या पानावर आहे. 'पाडवा २०२१' लिहिलेल्या वहीतला जानेवारी २०२२ चा आहे. तारीख 2022-01-14 अशी लिहा, म्हणजे दिवस आणि महिन्याची अदलाबदल होणार नाही. तारखेच्या जागी दोन टिंबं असतील तिथं वरच्या ओळीचीच तारीख भरा.

पानाच्या माथ्यावर 'मा. पा. बाकी', म्हणजे मागील पानावरची बाकी असते. ती नवी उधारी नाही. नावेत धरली तर तीच रक्कम दोनदा चढेल. ती फक्त 'वहीतील बाकी' या रकान्यात घ्या. खात्याच्या अगदी पहिल्या ओळीतली मागील बाकी मात्र नावेतही घ्या. हिशोबाची बाकी आणि फरक यांची सूत्रं ही :

```
I2: =SUMIFS(F$2:F2,B$2:B2,B2)-SUMIFS(G$2:G2,B$2:B2,B2)
J2: =IF(H2="","",I2-H2)
```

ही खाली ओढा. वडील बाकी दर ओळीला मांडत नसत, जमा झाली की मांडत. म्हणून रिकाम्या बाकीसमोर फरकही रिकामा राहील.

आधी एका वहीतली दहा पानं नमुना म्हणून करून पाठवा. पैसे पानावर नको, ओळीवर देतो. कुठल्या पानावर चार ओळी आहेत, कुठं तीस. काम पोचल्याचं मी कळवलं की तुमच्याकडचे फोटो काढून टाका, ही विनंती."

नमुना आला तेव्हा 'फरक' या रकान्याचा उपयोग लगेच दिसला. खाते ६४ मध्ये मागील बाकी ३२४०, मग नावे दोन ओळी, मग २००० जमा आणि वहीत बाकी १९२०. शीटमध्ये हिशोबाची बाकी २३२० आणि फरक ४००. चार आणि आठ यांची गल्लत झाली की फरक ४, ४० किंवा ४०० येतो, एक आणि नवाची झाली की ८, ८० किंवा ८००. म्हणून शेकड्याच्या घरात ४ किंवा ८ असलेली ओळ शोधली. शीटमध्ये ८२० आणि २६० होतं, वहीत वडिलांच्या हातचे ४२०. या रकमेतला २ आणि ० दोन्ही लिप्यांत जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळं नुसती रक्कम पाहून कोणालाही कळलं नसतं. ४२० केले, फरक शून्य झाला. फरकाला नवानं भाग जात असेल तर मात्र आधी उलटसुलट झालेले आकडे पाहायचे, ५४० च्या जागी ४५० असे.

काही खात्यांत फरक 'मा. पा. बाकी'च्या ओळीपासूनच सुरू होत होता आणि पुढं तसाच राहत होता. त्याचा अर्थ मधलं पान शीटमध्ये नाही. तेलकट पानं एकमेकांना चिकटून फोटो काढताना एकत्र उलटली होती. ती सोडवून फोटो पुन्हा पाठवले.

एवढं करूनही थोड्या खात्यांत फरक उरला, तो वहीतल्याच बेरजेचा होता. तो तसाच दिसत राहिला हे मला फार मोलाचं वाटतं. ताईंनी बाकी जुळावी म्हणून एखादी रक्कम ओढूनताणून बसवली असती, तर कोणाकडून जास्त घेतलं आणि कोणाचं कमी धरलं हे कधीच कळलं नसतं. त्या गिऱ्हाइकांना बोलावून वही आणि शीट शेजारी ठेवून बसलो. ज्यांच्यावर जास्त चढलं होतं त्यांचं कमी केलं. आमचं कमी धरलं गेलं होतं तिथं बहुतेकांनी स्वतःहून मान्य केलं.

ठरलेली बाकी प्रत्येकाच्या सहीनं आणि तारखेनं कागदावर घेतली. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणं विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते. मुदत संपण्याआधी देणं लेखी कबूल केलं तर ती त्या दिवसापासून नव्यानं मोजली जाते. एक्सेलच्या छापील कागदावर अशी सही नसते, आणि नुसत्या हिशोबवहीतल्या नोंदीवरही न्यायालय एखाद्यावर देणं लादत नाही. म्हणून मूळ वह्या फेकल्या नाहीत. फोटो क्रमांकाचा रकाना त्यासाठीच आहे. शीटमधल्या कोणत्याही ओळीवरून वहीतलं नेमकं पान काढता येतं.

पाडव्याला संगणकात सुरुवातीची बाकी या सह्यांच्या कागदांवरूनच भरली. गल्ल्यावर कच्ची वही अजून आहे, रात्री दुकान मिटताना मुलगा त्यातल्या ओळी चढवतो. आता मात्र दोघंही एकाच प्रकारचे आकडे लिहितो.