मनातल्या मनात दिलेलं उत्तर

‘निळी टिक दिसली हो आम्हाला.’ दुपारी भडंगाची पुडी सोडून बसले होते, तेवढ्यात चिपळूणच्या मावसबहिणीचा हा मेसेज. खाली हसरा चेहरा नाही, काही नाही. भडंगातला लसूण वेचता वेचता मी विचार करत राहिले की हिचं नेमकं काय राहिलंय. मग वर सरकवून पाहिलं. मंगळवारी तिनं विचारलं होतं, ‘मेमध्ये कधी येताय? आणि येताना राजापुरी हळद आण, भाव काय चाललाय ते सांग.’ खाली माझं काहीच नाही. आणि मी तर शपथेवर सांगितलं असतं की याचं उत्तर गेलंय.

गेलं होतंच, फक्त मनातल्या मनात. तो मेसेज आला तेव्हा मी सांगलीत विश्रामबागला भाजी घेत होते. वाचला आणि डोक्यात उत्तर तयारसुद्धा झालं: यांची रजा मंजूर झाली की महिन्याच्या मध्यावर येतो, हळदीचं आमच्या गल्लीतल्या काकांना विचारते, ते मार्केट यार्डातच असतात, आणि तुझा गुडघा काय म्हणतोय? गुडघ्यापर्यंत आले तेव्हा मी हसलेही असेन. तेवढ्यात भाजीवाला म्हणाला, ‘ताई, शेपू देऊ का?’ शेपू घेतला. मोबाइल पिशवीत गेला. विषय संपला.

केलेली गोष्ट आणि नुसती कल्पिलेली गोष्ट यांत आपलं मन फरक कसा करतं, यावर मार्शा जॉन्सन आणि कॅरल रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लिहिलं होतं. दोन्ही आठवणी एकाच डोक्यात राहतात आणि ‘ही खरी, ही मनातली’ अशी चिठ्ठी त्यांच्यावर डकवलेली नसते. मन अंदाजानं ठरवतं. कल्पना जितकी ठसठशीत, तितका अंदाज चुकायचा संभव जास्त. आणि मावसबहिणीला द्यायचं उत्तर कुणाच्याही डोक्यात ठसठशीतच असणार, तिचा आवाजसुद्धा ऐकू येतो की. बँकेच्या मेसेजला मी मनात कधी उत्तर दिल्याचं आठवत नाही.

दुसरी गंमत अशी की तो मेसेज लगेच उत्तर देण्यासारखा नव्हताच. रजेचं यांना विचारायचं, हळदीचं काकांना विचारायचं, मग लिहायचं. म्हणजे ‘संध्याकाळी सांगते’. पुढे करायची गोष्ट लक्षात ठेवण्याचे दोन प्रकार अभ्यासक सांगतात. एकात समोर काहीतरी दिसतं आणि आठवण होते, उदाहरणार्थ किराणा दुकान दिसलं की साखर. दुसऱ्यात समोर काहीच दिसत नाही, ठरलेल्या वेळी आपलं आपणच आठवायचं. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं लहानपणापासूनच अवघड जाणं. ते असलेली माझ्यासारखी माणसं जास्त करून या दुसऱ्यात घसरतात. संध्याकाळ होते, पण ती येऊन दार थोडीच वाजवते? आणि जी काय खूण होती, म्हणजे न वाचलेल्या मेसेजचा तो हिरवा ठिपका, तो तर वाचल्याबरोबर विझलेला असतो.

आमच्या आजोबांकडे दोन तारा होत्या. गावभागातल्या जुन्या घरात, माजघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या. वर आकडा, खाली लाकडाची गोल चकती, आणि तारेत खुपसलेली पत्रं. पोस्टमन कार्ड टाकून गेला की आजोबा ते दारातच वाचायचे, आत येऊन डावीकडच्या तारेत खुपसायचे. उत्तर लिहून झालं की कार्ड काढून त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘उ. दि.’ आणि तारीख घालायचे, मग ते उजवीकडच्या तारेत जायचं. त्यामुळे घरातल्या प्रत्येक पत्राला मधोमध दोन दोन भोकं. मोठ्या आत्याच्या एका कार्डात भोक नेमकं रकमेवर पडलं होतं आणि तिनं पैसे पन्नास मागितलेत की पाचशे, यावर आजी-आजोबांचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी किती पाठवले कोण जाणे.

हेच आजोबा छत्री गणपतीच्या देवळात विसरून यायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. आमच्याकडे सगळे त्यांना विसरभोळे म्हणायचे, पण पत्राचं उत्तर दिलं नाही असा बोल त्यांना कुणी लावल्याचं ऐकलं नाही. पाणी प्यायला आत जाताना डावी तार खांद्याला घासायचीच, मग आठवण राहणार नाही तर काय. शिवाय तेव्हा आठ-दहा दिवसांनी आलेलं उत्तर वेळेवरच आलेलं असायचं. वाचलं की नाही हे समोरच्याला कळायची सोयच नव्हती. ती व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०१४ मध्ये केली आणि तेव्हापासून नात्यागोत्यात आम्ही रंगेहाथ सापडायला लागलो.

माझं निदान झालं चाळिशीनंतर, मिरजेत. डॉक्टरांनी आधी विचारलं की हे आत्ता सुरू झालंय का लहानपणापासून आहे. चाळिशीत नव्यानं विसरायला होत असेल तर झोप, थायरॉइड, नैराश्य हे आधी बघावं लागतं, म्हणाले. एडीएचडी म्हणायचं तर काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत. मग आईनं ट्रंकेतून माझं प्रगतिपुस्तक काढून दिलं. ‘हुशार आहे, परंतु लक्ष नसते.’ दरवर्षी बाई वेगळ्या, शेरा तोच. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानासाठी एक पुस्तिका आहे, तिची पाचवी आवृत्ती २०१३ ची. त्यात अवधान न टिकण्याच्या नऊ लक्षणांमध्ये रोजच्या कामांचा विसर हे एक आहे. मोठ्या माणसांसाठी तिथं उदाहरणं दिलीत ती अशी: आलेल्या फोनला उलट फोन करणं, बिलं भरणं, ठरलेल्या भेटी पाळणं. डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मला भलतंच बरं वाटलं. आमच्या अख्ख्या भावकीची तक्रार कुणीतरी छापून ठेवली होती.

पण घरच्यांना हे कसं सांगायचं? कारण बाहेरून बघणाऱ्याला विसरलेलं माणूस आणि बेपर्वा माणूस सारखंच दिसतं. त्यातून माझ्याकडून ऑफिसच्या मेसेजला मिनिटात ‘ओके’ जातं आणि सख्ख्या माणसांचे मेसेज पडून राहतात. याचा अर्थ कुणीही उलटाच लावील. आतून मात्र हिशेब असा असतो की ‘ओके’ला काही लागत नाही, आणि आपल्या माणसाला नीट, बैजवार उत्तर द्यायचं असतं. बैजवार बसायला वेळ मिळत नाही. दोन दिवस गेले की नुसती तारीख कळवणं बरं दिसत नाही, आधी ‘सॉरी गं’ हवं. आठवडा गेला की सॉरीच्या जोडीला कारण हवं. उत्तराची किंमत सावकाराच्या व्याजासारखी चढत जाते आणि मग तो चॅट उघडायचीच धास्ती वाटते. इथपर्यंत आलं की प्रश्न विसरण्याचा राहत नाही, टाळण्याचा होतो, आणि समोरच्याला जे वाटत असतं ते अगदीच चूक म्हणता येत नाही.

तरी ओळखायची एक खूण मी सांगते. ज्याला तुमच्यात रस नाही, त्याला तुमचा मेसेज भेटीतही आठवत नाही. आमच्यासारखी माणसं भेटली की मधूनच सुरू होतात, ‘मग गुडघ्याचं काय झालं?’ जणू कालच सविस्तर बोलणं झालंय. आमच्या बाजूनं झालेलं असतंच.

तर त्या दिवशी मी बहिणीला लिहीत बसले नाही, फोनच लावला. एडीएचडी आहे हे तिला माहीत होतं, पण ते असं वागण्यातून कसं दिसतं हे मी कधी सांगितलंच नव्हतं. उत्तर चुकल्यावर सांगितलं की ती सबब होते, म्हणून हळदीचा भाव आधी सांगून टाकला आणि मग पुढच्या वेळेचं बोलले. म्हटलं, तुझा मेसेज निळा झाला आणि मी गप्प राहिले, तर उत्तर माझ्या डोक्यात अडकलंय असं समज. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज परत टाक. तातडीचं असलं तर सरळ फोन कर. आणि बाई, एका मेसेजमध्ये एकच काय ते विचार, कारण दोन विचारलेस की एकाच्या नादात दोन्ही राहतात. माझ्याकडून एवढं करीन की वाचल्या जागी ‘वाचलं, रविवारी सांगते’ एवढं तरी टाकीन.

ती म्हणाली, ‘ते एडीएचडी-बिएडीएचडी राहू दे. मी परत विचारलं तर तुला राग येणार नाही ना?’

‘राग कशाला येईल?’

‘मला वाटायचं, तू मुद्दाम देत नाहीस, मग मी कशाला मागं लागू. म्हणून गप्प बसायचे.’

घ्या. म्हणजे मी तिचं उत्तर विसरत होते आणि ती मानापोटी आठवण करत नव्हती.

आता मी वाचून उत्तर न दिलेला चॅट दाबून धरते आणि ‘न वाचलेला’ अशी खूण करून ठेवते. हिरवा ठिपका परत लागतो. तिकडची निळी टिक तशीच राहते, त्याला इलाज नाही, पण माझी डावी तार तेवढी भरते. फक्त ठिपके फार झाले की डोळा त्यांना सरावतो आणि ते दिसेनासे होतात, म्हणून रोज रात्री जेवणाआधी दोन-चार उपसायचे. निळ्या टिका बंद करूनही पाहिल्या. मग इतरांनी आपलं वाचलं की नाही हेही आपल्याला दिसत नाही, आणि ग्रुपवर तर टिका उमटतातच. धाकट्या जावेला वाटलं मी तिला ब्लॉक केलंय. ते निस्तरण्यात एक रविवार गेला.

हे सगळं हळदीला आणि मेच्या सुट्टीला ठीक आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका मैत्रिणीचा मेसेज आला, ‘आई गेली.’ तिला मी आधी काहीही समजावून ठेवलेलं असो, असा मेसेज कुणी दुसऱ्या दिवशी परत टाकत नाही. त्याला उत्तर गेलं नाही तर ती आठवण करणार नाही, रागावणारही नाही, फक्त लक्षात ठेवील. म्हणून असा मेसेज आला की मी रात्रीवर टाकत नाही, ठिपक्यावर तर नाहीच. जिथं असेन तिथं पिशवी खाली ठेवायची आणि फोन लावायचा. काय बोलायचं ते सुचलेलं नसलं तरी.