आणि दादरा कोरडा ठेव

"आणि दादरा कोरडा ठेव. रोज बघत जा."

दुपारची जेवणं आटोपून जरा आडवी होत होते, तेवढ्यात आत्याचा हा मेसेज आला. वर सरकवून पाहिलं, तर त्याआधीचं आमचं शेवटचं बोलणं म्हणजे पाडव्याला तिने पाठवलेली गुढी आणि मी जोडलेले हात. त्यानंतर थेट दादरा. मधलं काहीच नाही.

अशा मेसेजला "म्हणजे?" विचारायची सोय नसते. विचारलं की "अगं तेच ते" येतं, आणि 'ते' म्हणजे कोणतं असं विचारायला जावं तर "जाऊ दे, तुम्हा मुलींना काही सांगायचं म्हणजे..." इथपर्यंत मजल जाते. मी "हो आत्या" लिहून टाकलं आणि डोकं चालवायला लागले. दादरा म्हणजे बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं. मे महिना. म्हणजे कैरीचं लोणचं. पण माझ्या घरी लोणचं घातलेलंच नव्हतं!

संध्याकाळी आतेभाऊ दारात उभा राहिला, दोन्ही हातांत बरणी धरून. तेव्हा उलगडा झाला. ताजं लोणचं. फोडणी पूर्ण गार करून ओतलेली, पण तेल अजून फोडींच्या वर आलेलं नाही. तोवर घट्ट झाकण लावलं तर आत दमट धरतं, झाकणाला घाम येतो, तो थेंब थेंब खाली पडतो आणि आठवड्याभरात वरच्या फोडींवर पांढरी बुरशी दिसायला लागते. म्हणून आधी फडकं, आणि तेही कोरडं. आत्याने हे सगळं मला सांगितलं होतं. फोडी करताना, मोहरी फेसताना, बरणी उन्हात ठेवताना ती दिवसभर माझ्याशीच बोलत होती. फक्त मी तिथे नव्हते. बोलता बोलता एक वाक्य फोनवर उतरलं, एवढंच.

'आणि'वाली माणसं तशी निरुपद्रवी. 'पण'वाल्यांचं तसं नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर काका मध्येच लिहितात, "पण मग गाडी कोण चालवणार?" कुठली गाडी, कुठे जायचंय, कशाला, कुणाला पत्ता नसतो. सगळे मुकाट्याने वर सरकवून बघतात. काही सापडत नाही. मग प्रत्येकाला तोच संशय येतो: आपल्याला वगळून दुसरा एक ग्रुप आहे आणि काका चुकून इथे लिहून बसलेत. मागे एकदा या एका 'पण'वरून धाकट्या काकू कितीतरी दिवस फुगून होत्या. ग्रुप वगैरे काही नव्हता. काकांच्या मनात तुळजापूरला जायचं आलं होतं. मनातच तारीख ठरली, मनातच काकूंनी हो म्हटलं, आणि ड्रायव्हरवर येऊन अडलं.

आजोबांचं पत्र असं कधी सुरू झालं नसतं. निळं अंतर्देशीय, वर 'श्री', मग 'चि.' आणि सगळ्यांची नावं वयाच्या क्रमाने, 'अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.'. मग इकडील सर्व क्षेम, मग पाऊस. पत्रास कारण काय ते दुसरी घडी उलगडल्यावर कळायचं, आणि खरं कारण त्याहूनही पुढे, डिंक लावायच्या पट्टीच्या कडेला, ता. क. म्हणून: 'गाय विकली.' ते वाचायला आई पत्र आडवं, मग उलटं धरायची. आम्ही मुलं आधी ता. क. वाचायला सांगायचो. वरचं सगळं प्रत्येक पत्रात सारखंच असायचं ना! आताचे मेसेज म्हणजे नुसते ता. क. आहेत. पत्र ज्याचं त्याने मनात लिहून घ्यायचं.

ही आताच्या पिढीची घाई आहे म्हणावं, तर आत्या पंच्याहत्तरीची. आणि तसं पाहिलं तर खोड तिच्याहूनही जुनी. बादरायणांचं ब्रह्मसूत्र उघडावं तर पहिलंच वाक्य 'अथातो ब्रह्मजिज्ञासा'. अथ, म्हणजे 'त्यानंतर'. कशानंतर? आधी तर कोरं पान! शंकराचार्यांना हा प्रश्न पडला आणि त्यांनी तो सोडला नाही. योगसूत्रही 'अथ'नेच सुरू होतं, पण तिथे भाष्यकार 'आता विषयाला सुरुवात' एवढाच अर्थ घेऊन पुढे जातात. आचार्य म्हणतात, इथे तसं नाही, इथे 'नंतर'च. मग एकेक उत्तर तपासतात. वेद शिकून झाल्यावर? ते तर धर्माचा विचार करणाऱ्यालाही लागतंच, त्यात या जिज्ञासेचं वेगळं काय? मग धर्माचा, कर्मकांडाचा विचार करून झाल्यावर? त्याचीही गरज नाही. शेवटी ठरतं ते असं: टिकणारं काय आणि न टिकणारं काय हे ज्याला उमगलं, इथल्या आणि तिथल्या सुखांवरून ज्याचं मन उडालं, शम, दम वगैरे ज्याच्या अंगी आले आणि ज्याला सुटायची ओढ लागली, त्यानंतर. म्हणजे आधीचं बोलणं ग्रंथात नाहीच. ते वाचणाऱ्याच्या आत होऊन गेलेलं असायला हवं. नसेल झालं तर सूत्र त्याच्यासाठी नाही.

आत्याला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग मी काय वेगळं करते?

शाळेत आम्ही रोज 'आता विश्वात्मके देवे' म्हणायचो. घंटा झाली, रांगा झाल्या, की 'आता'. कशानंतर आता, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. 'येणे वाग्यज्ञे तोषावे' हेही खड्या आवाजात. हा वाग्यज्ञ म्हणजे आधीचे अठरा अध्याय, नऊ हजारांच्या आसपास ओव्या. तेवढं सगळं सांगून झाल्यावर माउलींनी जे मागितलं, ते आम्ही प्रार्थनेच्या मैदानावर, एक अक्षरही न सांगता, रोज मागून घ्यायचो. वर डोळे किलकिले करून बघायचो, बाई कुणाकडे बघताहेत.

मला राग येतो तो 'हाय' लिहून थांबणाऱ्यांचा. 'हाय'. मग काही नाही. आपण 'बोला' म्हटलं की 'कशी आहेस?'. मग पुन्हा काही नाही. वीस मिनिटांनी कळतं की त्यांना प्लंबरचा नंबर हवाय. त्यापेक्षा "आणि प्लंबरचा नंबर पण दे" म्हणणारी माणसं मला बरी वाटतात. पण तसं कुणी कुणालाही लिहीत नाही. बँकेतल्या साहेबांना कुणी 'आणि'ने सुरुवात केलेली मी तरी पाहिलेली नाही. तिथे आजही 'महोदय' असतं.

दादाचं आणि माझं गावच्या घराच्या वाटणीवरून बिनसलं, त्याला बरीच वर्षं झाली. सणावारी वहिनीचा फोन यायचा, त्याचा नाही. माझ्या बाजूने मी त्याच्याशी पुष्कळ बोलले आहे, भांडी घासताना, बसमध्ये, रात्री झोप लागत नसली की. माझी बाजू आता अगदी पाठ झाली आहे, आणि त्यात तो दरवेळी हरतो. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. त्या नंबरावरून आलेला तो पहिलाच.

"पण आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला सुट्टी मिळणं अवघड आहे."

नाव नाही, कशी आहेस नाही, घराचा विषय नाही. त्याच्याकडे त्याआधीचं काय काय बोलून झालं असेल आणि त्यात मी किती वेळा हरले असेन, देव जाणे. मी लिहिलं, "मी जाते. तू रविवारी ये." त्याने अंगठा पाठवला.

मधलं सगळं बोलणं आमचं अजून व्हायचंच आहे.